कोविडनंतर तीन महिन्यांनी गळणारे केस

प्रश्न: एप्रिलच्या शेवटी कोविड झाला, चार दिवस १०२ ताप होता. आता जुलैत नहाताना मूठभर केस जातायत. टक्कल पडेल का? डॉक्टरांना कधी दाखवू?

उत्तर: तारखा तर अगदी जुळतायत. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात आणि यात टक्कल पडत नाही, केस विरळ होतात.

डोक्यावरचे ८५-९० टक्के केस एरवी वाढत असतात. जोराचा ताप आला की त्यातल्या बऱ्याच केसांची वाढ एकदम थांबते. पण थांबलेला केस लगेच पडत नाही, दोन-तीन महिने मुळाशी अडकून राहतो आणि मग सुटतो. म्हणजे आज गळणारा केस एप्रिलमध्येच थांबलेला आहे. शाम्पू नाहीतर बोअरच्या पाण्याला बोल लावू नका.

गळलेला केस उजेडात धरा. टोकाला खसखशीहून बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो मुळापासून सुटलेला. घाबरवणारी हीच गाठ असते, 'मूळच आलं' असं वाटतं. पण केस उगवतो ती जागा आत शाबूत असते. गाठ नसेल तर केस मधूनच तुटलाय, त्याची कारणं वेगळी.

भीतीने नहाणं टाळू नका. एरवीही दिवसाला ५० ते १०० केस जातात; चार दिवस केस धुतले नाहीत तर सुटलेले सगळे पाचव्या दिवशी एकदम हातात येतात.

ही गळती बहुधा तीन ते सहा महिने चालते. तुमच्या हिशोबाने डिसेंबर-जानेवारीपर्यंत ती ओसरायला हवी. त्याआधीच कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसू लागतील. वेणी मात्र लवकर भरत नाही: केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे फूटभर केसांना अडीच वर्षं.

दाखवायला कधी जायचं? नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, भुवया विरळ झाल्या, टाळूची आग होते, खपल्या धरतात किंवा पू होतो, तर थांबू नका. गळती कमी होऊनही भांग रुंदावतच असेल आणि तिथले केस बारीक होत असतील, तर ते अनुवंशिक विरळपण असू शकतं. त्याचे उपचार लवकर सुरू केलेले बरे. आणि सहा महिने उलटूनही गळती तशीच असेल, किंवा सोबत फार थकवा, पाळीत जास्त रक्तस्राव असेल, तर हिमोग्लोबिन, अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड तपासतात.

इथे दोन गोष्टींनी रिपोर्ट फसवतात. अंगात संसर्ग असताना फेरिटिन वाढतं, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते. ती तपासणी पूर्ण बरं झाल्यावर करा. दुसरी केसांसाठीची बायोटिनची गोळी. तिच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा आणि घेत होतात हे डॉक्टरांना सांगा.