उत्तरायण नक्की कुठल्या दिवसापासनं म्हणायचं?

प्रश्न: "पोराच्या भूगोलाच्या पुस्तकात उत्तरायण २२ डिसेंबरपासून लिहिलंय, आमच्या आज्जी म्हणतात संक्रांतीपासून. दोघांच्यात तीन आठवड्यांचा फरक कसा काय? आणि शब्द नेमका कधी वापरायचा?"

सूर्याच्या चालीबद्दल बोलत असाल तर २१ किंवा २२ डिसेंबर, सणाबद्दल बोलत असाल तर संक्रांत. शब्द एकच आहे पण मोजायच्या पट्ट्या दोन आहेत, आणि एके काळी या दोन्ही पट्ट्या एकाच दिवशी जुळत होत्या म्हणून हा घोळ झालाय. अयन म्हणजे जाणं, वाटचाल. उत्तरायण म्हणजे सूर्याचं उत्तरेकडं सरकायला लागणं, एवढा साधा अर्थ.

आता हे सरकणं दिसतं कुठं? कोल्हापूरकराला हे पुस्तकात बघायची गरजच नाही ओ, आपल्याकडं अंबाबाईचा किरणोत्सव आहे. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीवर पडतात, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. तारखा सगळ्यांना पाठ आहेत, नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. आता यातल्या मधल्या तारखा घ्या आणि कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजा. १० नोव्हेंबर ते २२ डिसेंबर ४२ दिवस, आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी पण ४२ दिवस. म्हणजे किरणोत्सवाच्या दोन जोड्यांच्या बरोब्बर मधोमध डिसेंबरचा तो दिवस बसतो, १४ जानेवारी नाही. संक्रांत जर खरी वळायची जागा असती तर दुसरा किरणोत्सव पार २० मार्चच्या आसपास गेला असता.

हे असं का होतं बघा. सूर्य रोज पश्चिमेला मावळतो असं आपण म्हणतो खरं, पण बरोब्बर पश्चिमेला तो वर्षातनं दोनदाच मावळतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. बाकी दिवस तो क्षितिजावर इकडं नाहीतर तिकडं सरकलेला असतो. कोल्हापुरातनं बघितलं तर डिसेंबरच्या टोकाला तो पश्चिमेच्या साधारण साडेचोवीस अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनच्या टोकाला तेवढाच उत्तरेला. रंकाळा चौपाटीवर उभं राहून हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण दहा अंशाची भरते, म्हणजे सहा महिन्यात मावळतीची जागा जवळजवळ पाच मुठी सरकते, ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. १० नोव्हेंबरला दक्षिणेकडं जाता जाता सूर्य साधारण १८ अंशावर असतो, तिथं देवळाची रेषा आणि सूर्याची रेषा जुळते. मग तो पुढं साडेचोवीसपर्यंत जातो, थांबल्यासारखा होतो, माघारी फिरतो आणि १ फेब्रुवारीला परत त्याच १८ अंशावर येतो. एकदा जाताना, एकदा येताना, म्हणून वर्षातनं दोनदा. यावरनं असंही दिसतं की देऊळ पश्चिममुखी असलं तरी किरणांची ती वाट नेमकी पश्चिमेची नाही, थोडी दक्षिणेकडं झुकलेली आहे, नाहीतर किरणोत्सव मार्च-सप्टेंबरात झाला असता.

आणि तीनच दिवस का, तर त्या सुमाराला मावळतीची जागा रोज साधारण ०.३ अंश सरकते, सूर्याचं बिंब स्वतः अर्ध्या अंशाचं असतं, म्हणजे रोज अर्ध्या बिंबापेक्षा थोडंसं जास्तच. एवढ्या लांबनं अरुंद वाटेनं येणाऱ्या किरणांना दोन-तीन दिवसात हुकायला तेवढं पुरतं. वाटेत एखादी इमारत, होर्डिंग नाहीतर क्षितिजावर ढग-धूळ आली की मग किरणं गुडघ्यापर्यंतच आली, कमरेलाच थांबली अशा बातम्या येतात, त्यात सूर्याचा काही दोष नसतो.

आता मूळ कारण. पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या पातळीशी सरळ उभा नाही, उभ्यापासनं साडेतेवीस अंशाला जरासा कमी एवढा कललेला आहे. इथं एक गैरसमज लय जणांच्यात असतो, की पृथ्वी जूनमध्ये सूर्याकडं कलते आणि डिसेंबरात उलट कलते, म्हणजे जणू ती मान डोलवते. तसं काही होत नाही. आस वर्षभर एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडंच रोखलेला असतो, पृथ्वी मात्र सूर्याभोवती फिरत फिरत सहा महिन्यांनी त्याच्या पलीकडच्या बाजूला जाते. त्यामुळं जूनमध्ये उत्तर ध्रुवाची बाजू सूर्याकडं येते आणि डिसेंबरात तीच बाजू सूर्यापासनं लांब होते. मधल्या दोन ठिकाणी, २० मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला, आस ना सूर्याकडं ना विरुद्ध, त्यांना वसंतसंपात आणि शरदसंपात म्हणायचं. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो.

दिवस लहानमोठा होतो तोही यातनंच. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपलं गाव चोवीस तासात एक गोल फेरी मारतं. जूनमध्ये त्या फेरीचा अर्ध्याहून जास्त भाग उजेडात असतो, डिसेंबरात अर्ध्याहून कमी. आपल्याकडं २१ जूनचा दिवस तेरा तास सात मिनिटांच्या आसपास आणि २१ डिसेंबरचा अकरा तास आठ मिनिटांच्या आसपास, म्हणजे सगळा मिळून दोन तासांचा फरक. लंडनला हाच फरक जवळजवळ नऊ तासांचा आहे, कारण विषुववृत्तापासनं जेवढं लांब तेवढा ताण जास्त. म्हणून आपल्याकडं उन्हाळा-हिवाळा दिवसाच्या लांबीवरनं पटकन कळत नाही, ऊन किती उभं पडतंय त्यावर जास्त ठरतो. डिसेंबरात दुपारी सूर्य फक्त ५० अंश वर येतो, त्यामुळं तेवढंच ऊन १.३ पट जागेवर पसरतं आणि तेवढं पातळ होतं. अंतराचा यात संबंध नाही, उलट जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते.

मग जूनमध्ये दिवस सगळ्यात मोठा असून आपला कडक उन्हाळा एप्रिल-मे मध्येच का, असं पुढं विचारणारच तुम्ही. कारण ६ मेच्या आसपास सूर्य कोल्हापूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला अंगणात उभी सळई रोवून बघा, सावली सळईच्या पायातच शिरते. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेला जातो आणि दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडायला लागते, ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मग परत तो डोक्यावर येतो. पण तोवर पावसाळा असतो, सावलीच दिसायची मारामार. म्हणजे जूनमध्ये ऊन कमी नसतं, ढग आणि पाऊस ते खाली पोचू देत नाहीत.

आता आज्जींच्या बाजूला येऊ. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि आपली पंचांगं रास ताऱ्यांवरनं मोजतात. अयन मात्र आसाच्या कलण्यावरनं ठरतं. आणि हा आस वर्षभरात जरी एकाच दिशेला रोखलेला दिसत असला तरी हजारो वर्षांच्या हिशोबात तोही हळूहळू गोल घुमतो, एका फेरीला जवळजवळ २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळं संपातबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत ७२ वर्षांनी एक अंश मागं सरकतो. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि सूर्याचं वळणं एकाच दिवशी होतं, तेव्हा संक्रांतीला उत्तरायण म्हणणं शब्दशः बरोबर होतं. तेव्हापासनं २४ अंशांचा फरक पडलाय, सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, तेच तुमचे तीन-साडेतीन आठवडे. हे सरकणं अजून चालूच आहे, स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी संक्रांत होती, आता ती १४ नाहीतर १५ जानेवारीला येते. किरणोत्सव मात्र इंग्रजी तारखांना चिकटून राहतो, कारण इंग्रजी कॅलेंडर संपाताला बांधलेलं आहे, ताऱ्यांना नाही. त्याची तिथी दरवर्षी वेगळी, तारीख तीच, हे कधी ध्यानात आलंय का?

तरी संक्रांतीपासनं दिवस तिळातिळानं वाढतो हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही. डिसेंबरच्या टोकाला दिवसाची लांबी रोज जेमतेम काही सेकंदांनी बदलते, ते कुणाला कळणार? जानेवारीच्या मध्याला ती रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाढत असते. आणि घड्याळाची एक गंमत आहे, पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला यामुळं सूर्याची दुपार घड्याळाच्या मागं-पुढं होत राहते. म्हणून सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. संक्रांतीला सकाळी उठून बघणाऱ्याला अंधार कमी होतोय असं वाटतच नाही, संध्याकाळ तेवढी लांबलेली कळते. किरणोत्सवातपण हे दिसतं, दोन्ही वेळा सूर्य आकाशात त्याच जागी असतो पण नोव्हेंबरात सहाच्या ठोक्याला मावळतो आणि फेब्रुवारीत साडेसहाला.

वापराबद्दल एवढंच, की लिहिताना घोळ नको असेल तर डिसेंबरच्या दिवसाला "उत्तरायणारंभ" नाहीतर "अयनदिन" लिहा, संक्रांतीला सरळ "मकरसंक्रांत" लिहा. जूनचा तो दक्षिणायनारंभ. आणि पोराच्या पुस्तकात संपाताला दिवस-रात्र समान असं असेल तर तिथंही पेन्सिलीनं बारीक टीप टाका, त्या दिवशी कोल्हापुरात दिवस रात्रीपेक्षा मोठाच असतो, बारा तास सात मिनिटांच्या आसपास. हवेतनं किरणं वाकून येतात आणि उगवणं-मावळणं आपण बिंबाच्या वरच्या कडेवरनं मोजतो, म्हणून ती जादा मिनिटं. नेमका बारा तासांचा दिवस बघायचा असेल तर मार्चमध्ये संपाताच्या आठवडाभर आधी आणि सप्टेंबरात आठवडाभर नंतर फोनवर उदयास्ताच्या वेळा काढून वजाबाकी करा.