‘२०० एमबीपीएसपर्यंत’ म्हणताना कंपनीने नेमकं काय कबूल केलं?

प्रश्न : वकीलसाहेब, मी बोरिवलीला राहते आणि घरूनच काम करते. ‘२०० एमबीपीएसपर्यंत’ अशी जाहिरात बघून वर्षाचे ११,६८२ रुपये एकदम भरले. चार महिने झाले, रात्री नऊनंतर फोनवर ४० च्या वर स्पीड दिसत नाही. सकाळी बरी असते. कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाने व्हॉट्सॲपवर ‘मॅडम, २०० मिळणारच’ असं लिहिलं होतं. कंपनी म्हणते, ‘पर्यंत’ लिहिलंय, करार वाचा. माझी केस बनते का?

उत्तर : ताई, केस बनते. मात्र ‘२०० सांगून ४० दिले’ एवढ्या एका वाक्यावर ती उभी राहणार नाही. ‘पर्यंत’ हा शब्द फक्त वरची मर्यादा सांगतो. लाइन २०० च्या वर जाणार नाही, एवढंच त्याने ठरतं. किती खाली जाणार नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

किमान स्पीडची हमी असेल तर ती वेगळी लिहिलेली असते. ऑफिसांना देतात त्या लीज्ड लाइनचा करार कुणाकडून मिळाला तर एकदा वाचून बघा. त्यात ठरलेली बँडविड्थ तुमच्या एकट्याची असते, स्पीड कुठून कुठपर्यंत मोजायची ते लिहिलेलं असतं, आणि तेवढी सेवा मिळाली नाही तर बिलातून किती रक्कम वजा होईल तेही असतं. माझ्या मते ही शेवटची ओळच हमीचा खरा जीव आहे. कमी पडल्यास काय, हे ज्या करारात नाही, तिथला किमान आकडा वसूल करताना फार दमछाक होते. तुमच्या घरगुती योजनेच्या अटींत बहुधा ‘बेस्ट एफर्ट’, म्हणजे जमेल तेवढी स्पीड देऊ, आणि ‘स्पीड बदलू शकते’ असंच सापडेल. लीज्ड लाइन कितीतरी महाग असते, ती यामुळेच.

घरगुती लाइन स्वस्त पडते कारण ती वाटून घेतलेली असते. फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका पोर्टची साधारण २.५ जीबीपीएस क्षमता स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत जाते. चौसष्टही घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने डाउनलोड सुरू केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतात. एरवी असं होत नाही, म्हणून प्रत्येकाला २०० विकता येतात. तुमचा ४० चा आकडा याच्या जवळ आहे म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. गर्दी तुमच्या गल्लीच्या पुढच्या लिंकवरही असू शकते.

सरकारी नियमांतली तळाची रेघ फार खाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली, तेव्हा किमान डाउनलोड स्पीड २ एमबीपीएस ठरली, आणि तीही कंपनीच्या पॉइंट ऑफ प्रेझेन्सपासून, म्हणजे जिथून कंपनी ग्राहकांना लाइन देते त्या केंद्रापासून. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २००६ च्या नियमांत ग्राहकाने घेतलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त स्पीड मिळावी असा निकष होता. त्या नियमांची जागा आता १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी घेतली आहे. पण हे निकष कंपनीच्या नेटवर्कचा दर्जा तपासायला असतात. ते तुमच्या करारात किमान स्पीडचं कलम आपोआप घालत नाहीत.

मग तुमचा मुद्दा कोणता? तुम्हाला काय सांगून कनेक्शन विकलं, हा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा अमुक दर्जाची आहे असं खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, मग ते तोंडी असो, लेखी असो की इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. म्हणून तुमच्याकडचं सर्वांत मोलाचं कागदपत्र म्हणजे तो व्हॉट्सॲप मेसेज. जाहिरातीत ‘पर्यंत’ होतं, मेसेजमध्ये ‘मिळणारच’ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ साली आलेली मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की खाली बारीक अक्षरांत दिलेला खुलासा मुख्य दाव्याचं स्पष्टीकरण करू शकतो, तो दावाच खोडून काढू शकत नाही. म्हणून तो मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका आणि पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडा.

आता तुमच्या केसची कच्ची बाजू. फोनवरचं रीडिंग कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला उडवून लावेल. वाय-फायमध्ये भिंती येतात, शेजाऱ्यांचे राउटर येतात, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा येतो. माझ्याकडे पार्ल्याचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्याकडे सकाळ, दुपार, रात्र, कधीही बघा, ९४ च दिसायचे. नोटीस काढण्याआधी मी त्यांना केबल तपासायला लावली. आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या निघाल्या, आणि अशी केबल शंभराच्या पुढे जाऊच शकत नाही. दिवसभर ९४ वर अडकलेला आकडा केबलकडे किंवा जुन्या पोर्टकडे बोट दाखवतो. सकाळी पूर्ण आणि रात्री कमी, हा आकडा गर्दीकडे बोट दाखवतो.

तुम्ही असं करा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, व्हीपीएन बंद करा, घरातली बाकीची उपकरणं काढून ठेवा. दहा दिवस सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला तीन-तीन रीडिंग घ्या. टेस्टमध्ये कंपनीचाच सर्व्हर निवडा, कारण परदेशातल्या एखाद्या वेबसाइटच्या संथपणाला कंपनी जबाबदार नाही. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. महिन्याची डेटा मर्यादा ओलांडलेली नाही, हेही वापराच्या पानावरून दाखवा, नाहीतर सगळी मोजणी फुकट जाईल. सकाळी १९० आणि रात्री ४० असा तक्ता दहा दिवस सारखा आला, तर लाइन २०० ची आहे पण तुमच्या वापराच्या वेळी क्षमता पुरत नाही, हे दिसून येतं.

तो तक्ता जोडून कंपनीच्या तक्रार केंद्रात लेखी तक्रार करा आणि डॉकेट नंबर घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हे अपील केल्याशिवाय ग्राहक आयोगात जाता येत नाही असं मात्र नाही. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या निकालात स्पष्ट केलं आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. तुमच्या रकमेला फी लागत नाही.

मागणी मोजून करा. महिन्याला ९७३ रुपये ५० पैसे पडले, आठ महिने उरले, म्हणून ७,७८८ रुपये परत मागा. मुदतीआधी कनेक्शन सोडल्याचा दंड लावू नये, आणि त्रासाबद्दल माफक भरपाई मिळावी, हेही लिहा. गेल्या चार महिन्यांचे सगळे पैसे मागू नका. सकाळी तुम्ही सेवा वापरली आहे आणि ते तुमच्याच तक्त्यात दिसेल. ‘हा करारच अनुचित आहे, तो रद्द करा’ अशी मागणीही या तक्रारीत घालू नका. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे करावी लागते, आणि त्या एका ओळीमुळे तुमची बाकीची चांगली केस अधिकारक्षेत्राच्या वादात अडकून पडेल.