अनुष्टुभ कसा ओळखावा, आणि श्लोक किती ओळींत उद्धृत करावा?

प्रश्न: नौपाड्यात आमचा गीता वाचनाचा गट आहे. गीताजयंतीला एक छोटी पुस्तिका आणि एक फ्लेक्स काढतोय. श्लोक अनुष्टुभात आहे हे कसं ओळखायचं? त्याच्या दोन ओळी द्यायच्या की चार? १.२१ मध्ये मधेच ‘अर्जुन उवाच’ येतं, तिथे तर काहीच कळेना.

उत्तर:

अनुष्टुभाचे चार चरण असतात आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरं. छापताना मात्र दोन-दोन चरण मिळून एक ओळ करतात, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळी. पहिल्या ओळीला ‘पूर्वार्ध’ म्हणतात, तिच्या शेवटी एक दंड (।) येतो. दुसरी ‘उत्तरार्ध’, तिच्या शेवटी दोन दंड (॥). तुमच्या कामासाठी ही सोळा अक्षरांची ओळ, म्हणजे अर्धा श्लोक, हाच खरा हिशेब. १.२१ चं कोडंही त्यावरच सुटतं.

आधी मोजणी. अक्षर म्हणजे स्वर, त्यामुळे जितके स्वर तितकी अक्षरं. हलन्त व्यंजन मोजायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं, अवग्रह (ऽ) शून्य. मराठी माणूस हमखास फसतो तो शब्दाच्या शेवटच्या ‘अ’वर. आपण ‘सञ्जय’ म्हणताना य अर्धा गिळतो. संस्कृतात तो पुरा उच्चारायचा आणि पुरा मोजायचा. ‘किमकुर्वत सञ्जय’ मराठी थाटात म्हटलं तर अक्षरं सहाच भरतील, आणि श्लोकच चुकीचा छापलाय असं वाटेल. नीट मोजा: कि-म-कु-र्व-त-स-ञ्ज-य, आठ.

आता लघु-गुरू. दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू, आणि पुढे जोडाक्षर असेल तर ऱ्हस्वही गुरू. मराठी कवितेत ‘तुझ्या’मधला ‘तु’ आघात येत नाही म्हणून लघुच धरतात. ही सवलत संस्कृतात नाही. पुढे जोडाक्षर आलं की मागचं अक्षर गुरू, विषय संपला.

पाठांतरासाठी नियमाचा एक जुना श्लोक आहे, आणि तो स्वतःही अनुष्टुभातच आहे:

श्लोके षष्ठं गुरु ज्ञेयं सर्वत्र लघु पञ्चमम् ।
द्विचतुष्पादयोर्ह्रस्वं सप्तमं दीर्घमन्ययोः ॥

म्हणजे चारही चरणांत पाचवं अक्षर लघु आणि सहावं गुरू. सातवं दुसऱ्या-चौथ्या चरणात लघु, पहिल्या-तिसऱ्यात गुरू. आठवं कसंही चालतं आणि पहिल्या चारांवर फारसं बंधन नाही. त्यामुळे सगळ्या बत्तीस अक्षरांच्या खुणा करत बसू नका, प्रत्येक चरणातली पाच-सहा-सात तेवढी बघा.

त्यातही सम चरण, म्हणजे दुसरा आणि चौथा, आधी तपासा. तिथे लघु-गुरू-लघु हा साचा पक्का असतो. विषम चरणांत कवी सूट घेतात, त्या प्रकाराला ‘विपुला’ म्हणतात. गीता २.२ चा पहिला चरण बघा: कु-त-स्त्वा-क-श्म-ल-मि-दं. पाचवं श्म, सहावं ल, सातवं मि, तिन्ही लघु. वरचा नियम इथे सरळ मोडला आहे. पण पुढचा चरण ‘विषमे समुपस्थितम्’ घ्या: पाचवं मु लघु, सहावं प गुरू (पुढे स्थ आहे म्हणून), सातवं स्थि लघु. सम चरण जागेवर आहे, तेव्हा श्लोक अनुष्टुभच. पहिल्या चरणात नियम जुळला नाही म्हणून कुणी ‘पाठ चुकलाय’ म्हणून शब्द बदलायला निघालं, तर तिथे हात आवरायला सांगा.

उलट, नुसती आठ-आठ अक्षरं भरली म्हणजेही अनुष्टुभ ठरत नाही. चारही चरणांत लघु-गुरू, लघु-गुरू असं एकाआड एक ओळीने चालत असेल तर ते प्रमाणिका वृत्त. तिथे विषम चरणातलं सातवंही लघु येतं. आणि स्तोत्राच्या विनियोगात ‘अनुष्टुप् छन्दः’ लिहिलंय म्हणून सगळे श्लोक त्यात बसतील, असंही धरू नका. रामरक्षेतला ‘चरितं रघुनाथस्य’ अनुष्टुभ आहे, पण ‘मनोजवं मारुततुल्यवेगं’ मोजला तर चरणात अकरा अक्षरं निघतात आणि ‘श्रीराम राम रघुनन्दन राम राम’मध्ये चौदा.

आता तुमचा १.२१. प्रचलित आवृत्त्यांत तो असा छापलेला असतो:

हृषीकेशं तदा वाक्यमिदमाह महीपते ।
अर्जुन उवाच
सेनयोरुभयोर्मध्ये रथं स्थापय मेऽच्युत ॥ २१ ॥

दिसायला तीन ओळी आहेत. पहिली मोजा: हृ-षी-के-शं-त-दा-वा-क्य, आठ झाली. मग मि-द-मा-ह-म-ही-प-ते, आणखी आठ. पहिल्या चरणात त लघु, दा गुरू, वा गुरू. दुसऱ्यात म लघु, ही गुरू, प लघु. चोख बसलं. तिसरी ओळ: से-न-यो-रु-भ-यो-र्म-ध्ये आणि र-थं-स्था-प-य-मे-च्यु-त. इथेही भ लघु, यो गुरू, र्म गुरू (पुढे ध्य). मग य लघु, मे गुरू, च्यु लघु. मधलं ‘अर्जुन उवाच’ सहाच अक्षरांचं. ते वृत्तात कुठेच बसत नाही, कारण तो श्लोकाचा भाग नाही, नाटकाच्या संहितेत पात्राचं नाव लिहितात तशी ती खूण आहे. म्हणून ओळी मोजताना ‘उवाच’ सोडून द्यायचं आणि उरलेल्या सोळा-सोळाच्या दोन ओळी म्हणजे एक श्लोक.

हा श्लोक दोन जणांत विभागलेला आहे. पूर्वार्ध संजयाचा, तो धृतराष्ट्राला ‘महीपते’ म्हणून सांगतोय. उत्तरार्ध अर्जुनाचा. तेव्हा फ्लेक्सवर अर्जुनाचं वाक्य हवं असेल तर फक्त शेवटची ओळ घ्या आणि खाली ‘गीता १.२१, उत्तरार्ध’ लिहा. नुसतं ‘१.२१’ लिहिलं तर पूर्ण श्लोक दिल्याचा समज होतो. पूर्ण श्लोक देणार असाल तर मधलं ‘अर्जुन उवाच’ गाळू नका. ते गाळलं की रथ उभा करायला संजयच सांगतोय असं वाचलं जातं.

आणखी एक भानगड आकड्यांची. महाभारतात कथन अर्ध्या-अर्ध्या श्लोकांनी पुढे सरकतं, त्यामुळे कुठल्या दोन ओळी मिळून एक आकडा द्यायचा यात आवृत्त्यांचं एकमत नाही. काही आवृत्त्या ‘हृषीकेशं तदा वाक्यं’ ही ओळ विसाव्या श्लोकालाच जोडतात आणि तो तीन ओळींचा करतात. मग २१ सुरू होतो तो थेट ‘सेनयोरुभयोर्मध्ये’पासून. पुढे ‘सीदन्ति मम गात्राणि’ ही ओळ कुठे १.२९ चा पूर्वार्ध असते, तर कुठे १.२८ चा उत्तरार्ध. तुमच्या हातातली प्रत कुठली, हे पाहायला पहिल्या अध्यायाचा शेवटचा आकडा बघा. ‘एवमुक्त्वार्जुनः सङ्ख्ये’ हा श्लोक काही प्रतींत ४७वा असतो, काहींत ४६वा. गटातल्या दोघांनी दोन वेगवेगळ्या प्रतींतून श्लोक टाइप केले तर हमखास एक ओळ दोनदा येते नाही तर मधली एक गळते. म्हणून सगळ्यांनी एकच प्रत धरा आणि तिचं नाव पुस्तिकेच्या आरंभी एकदा लिहा.

दोन ओळी की चार, याचं उत्तर कागदाच्या रुंदीवर आहे. पुस्तिकेत सोळा अक्षरं एका ओळीत आरामात मावतात, तिथे दोनच ओळी ठेवा. उभ्या फ्लेक्सवर अक्षर मोठं हवं म्हणून चार ओळी कराव्या लागतील. तेव्हा ओळ तोडायची ती आठव्या अक्षरानंतरच. डीटीपी करणारा जागा संपेल तिथे तोडतो, म्हणून तुम्हीच तोडून द्या. अडचण येते ती संधी चरणाच्या सीमेवर असेल तिथे. ‘वाक्यमिदमाह’ तोडताना पहिली ओळ ‘हृषीकेशं तदा वाक्यम्’ आणि दुसरी ‘इदमाह महीपते’ अशी करा. ६.५ मध्ये ‘बन्धुरात्मैव’ आहे. तिथे ‘आत्मैव ह्यात्मनो बन्धुः’ आणि खाली ‘आत्मैव रिपुरात्मनः’. संधी सोडवली तरी दोन्हीकडे अक्षरं आठच राहतात. पहिल्या आणि तिसऱ्या चरणापाशी दंड घालू नका, दंड फक्त दुसऱ्या आणि चौथ्यानंतर.

चरणाच्या आतली संधी मात्र अजिबात सोडवायची नाही. वाचायला सोपं जावं म्हणून कुणी ‘मेऽच्युत’चं ‘मे अच्युत’ केलं की चरणात नऊ अक्षरं होतात: र-थं-स्था-प-य-मे-अ-च्यु-त. सातव्या जागी अ येतो, तोही पुढे च्य असल्याने गुरू, आणि सम चरणाचा साचा मोडतो. अशी चूक मोजताना लगेच सापडते.

सगळ्याच चुका मोजून सापडत नाहीत, हे लक्षात ठेवून प्रूफ वाचा. ‘अयं निजः परो वेति’ हा चरण फ्लेक्सवर कितीदा तरी ‘वेत्ति’ असा दिसतो. दोन्हींत अक्षरं आठ, सातवं दोन्हीकडे गुरू, त्यामुळे वृत्त काहीच बोलत नाही. तिथे अर्थच बघावा लागतो: वा + इति = वेति; ‘वेत्ति’ म्हणजे ‘जाणतो’, त्याचं इथे काही काम नाही. तसंच अवग्रहाचं. मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टात बदलताना ऽ बऱ्याचदा गळतो आणि ‘मेच्युत’ उरतं. अक्षरं तरीही आठच भरतात. म्हणून फ्लेक्स छापायला देण्याआधी त्यांच्या स्क्रीनवरचा शेवटचा मजकूर मागवा, आणि त्यात ऽ, ङ्ग, ञ्ज आणि ओळीच्या शेवटचा पायमोडका म् एवढ्या जागा बोट ठेवून बघा.