टेपवरच्या काळ्या रेघा

पत्र : मॅडम, मी बारावी सायन्स केलं, टक्के कमी पडले. सहा महिन्यांपासून कराडला दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून जाते. सरांनी अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं, ऑटोक्लेव्हचं, सगळं काम माझ्याकडे दिलंय. घरचे म्हणतात, लोकांच्या तोंडातली उष्टी अवजारं घासतेस, ह्यात कसलं करिअर? माझ्या आधीची मुलगी म्हणते, टेपवर काळ्या रेघा उमटल्या की झालं, त्यात शिकायचं काय? मी हे काम सोडून दुसरं काही करू, की ह्यातच पुढे काही आहे?

उत्तर : आधी त्या मुलीच्या रेघांचं बघू, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

अवजारांच्या पाकिटावर लावतो त्या टेपवरच्या शाईला ठरावीक उष्णता लागली की ती काळी पडते. पाकीट यंत्रातून जाऊन आलंय की अजून जायचंय, एवढंच त्यावरून कळतं. टेप चिकटवलेली असते बाहेर. आतल्या फोर्सेपच्या सांध्यापर्यंत वाफ पोचली का, पुरेसा वेळ टिकली का, याची तिला काही खबर नसते.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी सतरा वर्षं दातांचा दवाखाना चालवला. आमच्याकडे कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह होता. दर सोमवारी यंत्राच्या पहिल्या फेरीत, म्हणजे पहिल्या सायकलमध्ये, स्पोअर टेस्टची एक छोटी कुपी अवजारांच्या मधोमध ठेवायची आणि तसलीच दुसरी बाहेर ठेवायची, असा नियम होता. कुपीत जिओबॅसिलस स्टेअरोथर्मोफिलस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. उष्णता सोसण्यात हे फार चिवट, म्हणूनच परीक्षेला त्यांना बसवतात. सायकल झाली की दोन्ही कुप्या ५५ ते ६० अंशांच्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. बाहेरच्या कुपीतलं जांभळं पाणी पिवळं व्हायलाच हवं, म्हणजे बीजाणू जिवंत होते हे कळतं. आतली जांभळीच राहायला हवी.

एका मंगळवारी सकाळी दोन्ही पिवळ्या निघाल्या. आणि त्या सायकलच्या प्रत्येक पाकिटावरच्या रेघा काळ्याकुट्ट होत्या.

दाबाचा काटा बरोबर १५ पौंडांवर होता, वेळ तीस मिनिटं दिली होती, नोंदवहीत तसं लिहिलेलंही होतं. मग चुकलं कुठे? आमच्या मदतनीस मुलीला शेजारी बसवून मी सोमवारची सकाळ मिनिटामिनिटाने विचारली. वीज उशिरा आली होती, बाहेर पेशंट खोळंबले होते. वाफ दिसायला लागल्याबरोबर तिने तोटी बंद केली होती.

आता तुझी आई भाताचा कुकर कसा लावते ते आठव. झाकणातून वाफ जोरात येऊ दे, मगच शिट्टी ठेव, असंच सांगत असेल ना? ऑटोक्लेव्हचंही तेच. सुरुवातीला भांड्यात हवा भरलेली असते. तोटी उघडी ठेवून वाफेने ती हवा बाहेर काढायची असते. हवा आत अडकली तर काटा १५ पौंड दाखवतो खरा, पण तो दाब वाफेचा आणि हवेचा मिळून असतो. सगळी हवा निघाली असेल तर १५ पौंडांना आत १२१ अंश असतात. निम्मीच निघाली तर साधारण ११२, आणि अजिबात निघाली नाही तर जेमतेम १००. म्हणजे आपण अवजारं नुसती उकळली, निर्जंतुक केली नाहीत. १०० अंशांना हे बीजाणू मरत नाहीत. काट्याला हा फरक दिसतच नाही.

आम्ही ते यंत्र बाजूला ठेवलं आणि दोन दिवस ओळखीच्या एका डॉक्टरांकडून अवजारं करून आणली. मधल्या काळात तीच अवजारं, तशीच रचना ठेवून पुन्हा चाचणी घेतली. एकदा तिने सोमवारी केलं तसं घाईने, एकदा वाफेची सलग, जोराची धार दहा मिनिटं येऊ दिल्यावर तोटी बंद करून. पहिली कुपी पिवळी, दुसरी जांभळी. यंत्र धड होतं, सवय चुकली होती. यंत्राचं रबर गेलेलं असतं तर दुसरी कुपीही पिवळी झाली असती आणि मेकॅनिकला बोलवावं लागलं असतं.

यापुढचं काम मात्र जिवावर आलं. शेवटची चाचणी बरोबर आली तिथपासूनची, म्हणजे आदल्या सोमवारपासूनची, न वापरलेली सगळी पाकिटं आम्ही उघडून पुन्हा केली. सोमवारच्या त्या सायकलमधली पाच पाकिटं वापरली गेली होती. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि सायकलचा नंबर होता आणि तोच नंबर पेशंटच्या केसपेपरवर होता, म्हणून ती कोणाला वापरली ते सापडलं. पाचही जणांना मी स्वतः फोन करून खरं ते सांगितलं आणि त्यांच्या रक्ताच्या तपासण्या आमच्या खर्चाने केल्या. नंबर नसता तर आठवडाभराच्या सगळ्या पेशंटांना फोन करावे लागले असते.

तेव्हा तुझ्या दवाखान्यात पाकिटावर नंबर पडतो का, ते बघ. पडत नसेल तर उद्यापासून तू टाक. पेनने कागदाच्या बाजूवर लिहू नकोस, शाई आत झिरपते. चिकटवण्याच्या पट्टीपलीकडच्या प्लास्टिकवर लिही.

आता घासण्याबद्दल. घरच्यांना ते उष्टी भांडी घासण्यासारखं वाटतं, आणि सगळ्यात जास्त गोष्टी बिघडतात त्या इथेच. दात काढलेला फोर्सेप ट्रेमध्ये तासभर पडून राहिला की सांध्यातलं रक्त वाळतं. वाळलेल्या रक्ताचा थर आतल्या जंतूंना वाफेपासून वाचवतो. म्हणून पेशंट खुर्चीवरून उठला की अवजारं झाकणाच्या डब्यातून थेट धुण्याच्या जागी न्यायची आणि एन्झाइमच्या द्रावणात बुडवायची. सलाइनमध्ये नाही, मिठाने स्टीलला गंज चढतो. मग अल्ट्रासॉनिकमध्ये, सांधे उघडे ठेवून, जाळीत एकावर एक न रचता आणि झाकण लावून. ते यंत्र नीट चालतंय का हे बघायचं असेल तर घरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी पाण्यात थोडा वेळ उभी धर. सगळीकडे सारखे बारीक खड्डे आणि भोकं पडली तर ठीक. एक भाग कोरा राहिला तर तिथे कंपनंच पोचत नाहीत. हाताने घासावंच लागलं तर लांब दांड्याचा ब्रश, जाड रबरी हातमोजे, आणि अवजार पाण्याखाली धरून, म्हणजे शिंतोडे तोंडावर उडत नाहीत. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं करायचं आणि उजेडात भिंगाखाली सांधा बघायचा. डाग दिसला तर परत मागे.

पाकिटं आडवी दाबून भरू नकोस. जाळीत उभी ठेव, एकाची कागदी बाजू दुसऱ्याच्या प्लास्टिककडे, मध्ये बोट जाईल एवढी फट. सायकलनंतर पाकीट ओलं निघालं तर ते नापास समज. ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत जातात. पुसून ड्रॉवरमध्ये टाकलं तर आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात.

दात कोरायच्या एअरोटरचं वेगळं आहे. तो आतून पोकळ असतो, आणि थांबताना पेशंटच्या तोंडातलं थोडं पाणी आत खेचू शकतो. त्यामुळे बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून काही साधत नाही. प्रत्येक पेशंटनंतर तो साफ करून, तेल देऊन, जास्तीचं तेल उडवून, पाकिटात घालून ऑटोक्लेव्हमध्येच गेला पाहिजे. त्याच्या आतली हवा मात्र साध्या कुकरला नीट काढता येत नाही. त्यासाठी पंपाने आधी हवा ओढून घेणारा, बी क्लासचा ऑटोक्लेव्ह लागतो. आणि बऱ्याच दवाखान्यांत निळ्या दिव्याचं कपाट असतं ना, ते साठवायचं कपाट आहे. त्यात ठेवल्याने अवजार निर्जंतुक होत नाही, कोणी काहीही सांगो.

दोन पेशंटांच्या मधल्या पुसापुशीचं थोडक्यात सांगते. लाइटचा दांडा, खुर्चीची बटणं, पाणी-हवा सोडणारी थ्री वे सिरिंज यांना क्लिंग रॅप लावायचा आणि दर पेशंटला बदलायचा. बाकीचं आधी पुसून स्वच्छ करायचं, मग जंतुनाशक लावायचं. बहुतेक जण दोन्ही एकाच फडक्यात उरकतात. बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. तीन मिनिटं लिहिलं असेल आणि तू फवारून लगेच कोरडं पुसलंस तर तू फक्त वास बदललास. हायपोचं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं, द्रावण रोज ताजं करायचं आणि धातूला लावायचं नाही. एअरोटरच्या नळीतून पुढच्या पेशंटआधी वीस ते तीस सेकंद पाणी सोडायचं. आणि ग्लोव्ह घातलेल्या हाताने ड्रॉवर उघडायचा नाही की मोबाइल उचलायचा नाही. सगळ्यात घाण हँडल मला नेहमी ड्रॉवरचंच सापडलं.

आता तुझं पुढचं. १९४८च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये दवाखान्यातल्या मदतनिसाची नोंदणी नव्हती. त्या कायद्यात डेंटिस्टशिवाय दोनच वर्ग होते, डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारा डेंटल मेकॅनिक. हायजिनिस्टचा कोर्स बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा आहे. त्यानंतर नोंदणी होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्केलिंगसारखं, म्हणजे दातांवरचा थर काढण्यासारखं, काम करता येतं. २०२३ साली संसदेने त्या जुन्या कायद्याच्या जागी दंतवैद्यक शिक्षणाचा नवा कायदा मंजूर केला आहे. म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजला त्या विशिष्ट कोर्सची मान्यता कोणाची आहे ते लेखी मागून घे. दुसरी वाट मोठ्या हॉस्पिटलच्या सीएसएसडीची, म्हणजे सगळ्या ऑपरेशन थिएटरांची अवजारं जिथे तयार होतात त्या विभागाची. तिथे तू आज करतेस तेच काम शेकडो ट्रेंच्या प्रमाणात चालतं आणि मुलाखतीत विचारतात तेही हेच : कुपी पिवळी निघाली तर पहिल्या तासात काय कराल? पेशंटशी बोलायला आवडत असेल तर हायजिनिस्ट. यंत्रं, नोंदी आणि चुकीचा माग काढणं आवडत असेल तर सीएसएसडी. तुझ्या पत्रात रेघांबद्दलची शंका आहे, म्हणून माझा कल दुसऱ्या वाटेकडे झुकतो, पण ठरवायचं तू.

कोर्स कुठलाही घे, त्याआधी एक काम कर. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घे : पहिला आत्ता, दुसरा एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घे. खर्च सरांनी करावा असं मला वाटतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं असतं. तुझ्याआधीच्या मुलीने लस घेतली होती का, तेही विचार.

तुमच्याकडे साधा कुकर आहे की बी क्लास, आणि स्पोअर टेस्ट शेवटची कधी झाली, हे पुढच्या पत्रात कळव. झालीच नसेल तरी कळव.