पोर्ट्रेटमधले चपटे, निर्जीव केस खोट्या बटा न काढता भरदार कसे दाखवावेत?

ब्रशने एकही बट काढू नका. केसांचा भरदारपणा आधी डोक्याच्या बाह्यरेषेत दिसतो आणि मग उजेड-सावलीत. मी ज्या स्टुडिओत काम शिकले, तिथल्या वरिष्ठांना हे कधीच पटले नाही.

आजारपणातून उठलेल्या एका बाईंचा फोटो आमच्याकडे आला होता. केस विरळ होऊन डोक्याला चिकटले होते. वरिष्ठांनी बारीक ब्रशने पन्नासेक बटा काढल्या. त्या सगळ्या एकाच जाडीच्या होत्या आणि मूळ केसांपेक्षा धारदार दिसत होत्या, कारण माथा फोकसच्या किंचित बाहेर होता आणि फोटोतला बारीक रवा काढलेल्या बटांवर नव्हता. बाईंनी फोटो हातात घेऊन "हा टोप कुणाचा?" एवढेच विचारले.

त्याच रात्री मी मूळ फाइल Photoshop मध्ये उघडली. लेयरची प्रत केली आणि Filter > Liquify मध्ये जाऊन चेहरा, कान आणि कपाळावरची केशरेषा Freeze Mask ने झाकली. Forward Warp Tool चा ब्रश जवळजवळ अर्ध्या डोक्याएवढा घेतला, Pressure 20 च्या आसपास ठेवले आणि माथ्यावरचे केस थोडे थोडे वर, कानांवरचे थोडे बाहेर सरकवले. मोठ्या ब्रशमुळे शेजारचे केस एकत्र हलतात. लहान ब्रशने मात्र बाह्यरेषेवर टेंगळे येतात. किती उचलायचे, हे केसच सांगतात: 100% वर पाहताना माथ्यावरचा केस खांद्याजवळच्या केसापेक्षा जाड वाटू लागला, की थोडे मागे यावे.

नुसता आकार वाढवला तर केस फुगवल्यासारखे दिसतात, त्यामुळे खरे काम त्यानंतरचे आहे. Curves चे दोन लेयर घेतले, एक गडद आणि एक उजळ, आणि दोन्हींचे मास्क काळे केले. मग मऊ पांढऱ्या ब्रशने, Flow 5 ते 10 ठेवून, मुळांशी आणि बटांच्या खाचांत सावली वाढवली व जिथे मुळातच चमक होती तिथेच ती किंचित उजळली. भांगातली त्वचा मुळांच्या रंगाकडे झुकवली, तेव्हा केस दाट वाटू लागले.

"छापल्यावर इतके कोण बघतो?" असे वरिष्ठ म्हणत. ज्या व्यक्तीचा फोटो आहे, ती बघते. त्या बाईंनी दुसरी प्रत ठेवून घेतली, आणि तेव्हापासून बटा काढण्याला माझा ठाम विरोध आहे.

मात्र डोक्यामागे चौकट किंवा पट्टे असतील तर Liquify मध्ये तेही वाकतात. अशा वेळी आधी मागची रेघ वेगळ्या लेयरवर सुरक्षित ठेवावी. शिवाय ही रीत असलेलेच केस पसरवते. जिथे टक्कल पडले आहे, तिथे त्याच फोटोतला, त्याच दिशेने वळलेला केसांचा तुकडा आणून बसवावा लागतो.