‘त्यामुळे’ कुठे, ‘यावरून’ कुठे?

प्रश्न : नागपुरात भूगोलाचा लघुप्रबंध मराठीत लिहिते आहे. नवतप्यात इतवारीची दाट वस्ती आणि सेमिनरी हिल्सची झाडीची टेकडी इथलं तापमान मोजलं. चर्चेच्या प्रकरणात माझा प्रत्येक परिच्छेद ‘तसेच’ नाहीतर ‘त्यामुळे’ने सुरू होतो. सर म्हणतात, परिच्छेद एकमेकांना धरून नाहीत. जे आढळलं त्यावरून कारणाकडे आणि तिथून फलितार्थाकडे जायला कोणते शब्द वापरू?

उत्तर : ‘तसेच’ हा शब्द सारख्या दर्जाच्या दोन गोष्टी शेजारी मांडतो. तो आला की वाचक समजतो, आधीसारखंच आणखी एक निरीक्षण येतंय. प्रत्यक्षात तुम्ही तिथे कारण सांगायला लागलेल्या असता. शंका आली तर लागून असलेल्या दोन परिच्छेदांची अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडलं नाही, तर तिथे अजून युक्तिवाद उभा राहिलेला नाही, फक्त यादी झाली आहे.

‘त्यामुळे’ची अडचण जास्त खोल आहे. हा शब्द घटनेला घटनेशी जोडतो, आणि तेही एकाच दिशेने: कारण आधी, परिणाम नंतर. ‘पाऊस आला, त्यामुळे रस्ता ओला झाला.’ चर्चेच्या प्रकरणात मात्र आपण उलटे चालत असतो. ओला रस्ता हाती असतो आणि पावसापर्यंत पोचायचं असतं. म्हणून निरीक्षणाकडून कारणाकडे जाताना ‘त्यामुळे’ चालतच नाही. ‘इतवारीत रात्रीचे तापमान जास्त आढळले. त्यामुळे तेथील बांधकाम उष्णता साठवते’ असं लिहिलं, तर तापमान वाढलं म्हणून भिंती उष्णता साठवायला लागल्या, असा अर्थ होतो. इथे हवं ‘यामागे’ किंवा ‘याचे कारण’. आणि ‘त्यामुळे असे दिसते की’ हे तर प्रबंधांत इतकं रुळलंय की खटकेनासं झालंय. काहीतरी ‘दिसणं’ हा आपला तर्क आहे, इतवारीत घडलेली घटना नाही. तर्काला मराठीत ‘यावरून’ आहे: ‘रस्ता ओला आहे, यावरून पाऊस झाला असावा.’

पण नुसता शब्द बदलून परिच्छेद जुळत नाहीत. निरीक्षणाचा परिच्छेद संपला की आपल्याकडचा वाचक मनात विचारतो, ‘काहून?’ कारण सांगून झालं की विचारतो, ‘बरं, मग?’ पुढच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर असायला हवं, आणि प्रश्न ज्यातून उठला ती गोष्टही त्यात दिसायला हवी. तुमचंच उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या परिच्छेदाचा शेवट असा आहे:

‘निरभ्र रात्री इतवारीतील तापमान सेमिनरी हिल्सपेक्षा सातत्याने जास्त राहिले; दुपारी मात्र दोन्ही ठिकाणांतील फरक नगण्य होता.’

पुढचा परिच्छेद असा सुरू करता येईल:

‘केवळ रात्री जाणवणाऱ्या या तफावतीमागे दिवसभर बांधकामात साठलेली उष्णता असावी.’

या वाक्यात ‘तफावत’ हे नाम सगळ्यात जास्त काम करतं. मागच्या परिच्छेदातलं अख्खं निरीक्षण त्या एका नामात गोळा होऊन पुढे येतं. ‘हे यामुळे घडत असावे’ असं लिहिलं असतं, तर ‘हे’ म्हणजे रात्रीचं वाढीव तापमान की दुपारचा नगण्य फरक, ते वाचकाला मागे वळून शोधावं लागलं असतं. म्हणून नुसतं ‘हे’ नको. ‘ही तफावत’, ‘ही वाढ’, ‘हा अपवाद’ असं नाव देऊनच पुढे चला. ‘केवळ रात्री जाणवणाऱ्या’ या शब्दांनी आपण नक्की कशाचं कारण शोधतो आहोत तेही ठरून गेलं. आणि शेवटचं ‘असावी’ प्रामाणिक आहे. तुम्ही हवेचं तापमान मोजलंय, भिंतींतली उष्णता मोजलेली नाही. म्हणून ‘आहे’ लिहिता येणार नाही.

मग कारण उलगडा. विटा, सिमेंट, डांबर दिवसभर ऊन शोषतात आणि सूर्यास्तानंतर ती उष्णता हळूहळू सोडतात. इतवारीच्या अरुंद गल्लीतून आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, त्यामुळे ती उष्णता वर निसटून जायला वाव कमी असतो. (हा ‘त्यामुळे’ बरोबर आहे, कारण इथे घटनेतून घटना निघते.) याच परिच्छेदात आणखी एक सांधा लागतो आणि तो बहुतेक जण विसरतात: ‘हे कारण बरोबर असेल, तर...’ उष्णता साठल्यानेच हे होत असेल, तर तफावत सूर्यास्तानंतरच्या काही तासांत वाढायला हवी आणि ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री कमी व्हायला हवी. तुमच्या नोंदींत तसं आहे का, ते बघून लिहा. तसं असेल तर कारणाला आधार मिळेल. नसेल, तर ‘मात्र’ने नवं वाक्य सुरू करून तेही सांगा. सेमिनरी हिल्स थोडं उंचावर आहे आणि तिथे झाडी आहे, या दोन पर्यायी कारणांची दखलही इथेच घ्या, फलितार्थाच्या परिच्छेदात नको.

फलितार्थाकडे जाताना ‘म्हणून’ लिहायचा मोह होईल. ‘म्हणून महापालिकेने...’ असं सुरू केलं की आधीचं ‘असावी’ वाटेतच गळून पडतं आणि शक्यतेवर ठाम शिफारस उभी राहते. ती शक्यता पुढे नेण्याचं काम ‘असेल तर’ करतं:

‘या तफावतीचे कारण साठलेली उष्णता असेल, तर मोकळ्या जागेतील वेधशाळेच्या नोंदींवर आधारलेला इशारा दाट वस्तीतील रात्रींसाठी अपुरा ठरू शकतो.’

हे वाक्य कारणावर टेकलेलं आहे, नुसत्या आकड्यांवर नाही. कारण चुकलं तर फलितार्थही पडेल, हे वाचकाला सरळ दिसतं. इथेच एक खबरदारी घ्या. ‘रात्रीच्या तापमानाचा विचारच होत नाही’ असं लिहू नका. भारतीय हवामान विभागाची ‘उष्ण रात्र’ ही स्वतंत्र वर्गवारी आहे: दिवसाचं कमाल तापमान 40 अंश किंवा त्याहून जास्त असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी जास्त असेल, तर ती उष्ण रात्र धरतात. तुमचा मुद्दा निकषाबद्दल नसून मोजणीच्या जागेबद्दल आहे. नागपूरची वेधशाळा सोनेगावला विमानतळाजवळ आहे. तिथली किमान नोंद इतवारीतल्या गल्लीची रात्र सांगेलच असं नाही. असं नेमकं लिहिलं तर तो फलितार्थ तुमच्या मोजणीतून निघालेला दिसेल.

त्यापुढे ‘यावरून इतवारीतील रहिवाशांची झोप बिघडते’ असं वाक्य सुचलं, तर ते तिथेच अडवा. ‘यावरून’ हा शब्द व्याकरणात बसतो, पण हवा तुम्ही गल्लीत मोजलीय आणि माणसं झोपतात घरात, बऱ्याचदा रात्रभर कूलर लावून. मधली पायरी तुमच्याकडे नाही. तिथे सांधा लिहायचा तो असा: ‘घरांतील तापमान या अभ्यासात मोजलेले नसल्याने रहिवाशांवरील परिणामाबद्दल येथे विधान करता येत नाही.’