घरच्या राउटरमधला फायरवॉल कोणाला अडवतो आणि कोणाला नाही

प्रश्न: राउटरच्या सेटिंगमध्ये फायरवॉल चालू दिसतो. मग घरातले मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेरा सुरक्षित आहेत असे समजावे का?

हा फायरवॉल मुख्यतः एवढेच पाहतो की बोलणे सुरू कोणी केले. तुमच्या लॅपटॉपने एखादे संकेतस्थळ उघडले की राउटर दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक, म्हणजे उपकरणावरची कोणती सेवा बोलते आहे हे सांगणारे आकडे, आपल्या तक्त्यात नोंदवतो, आणि बाहेरून आलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, त्या नोंदीशी जुळले तरच आत सोडतो. न बोलावता आलेले पॅकेट तो टाकून देतो. हे संरक्षण कमी मोलाचे नाही. 2016 मध्ये मिराई या मालवेअरने दुरून उपकरणात लॉगिन करण्याच्या टेलनेट या जुन्या पद्धतीचे 23 आणि 2323 हे पोर्ट चाचपत फिरून, मूळ पासवर्ड न बदललेली लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती.

मात्र हा दरवाजा आतूनही उघडता येतो. बोरिवलीला माझ्या मामांनी कॅमेरा बसवला, तेव्हा त्या कॅमेऱ्याने UPnP या सोयीद्वारे राउटरला परस्पर 8080 पोर्ट उघडायला लावला आणि राउटरने कोणालाही न विचारता तो उघडला. मी मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून राउटरच्या WAN पत्त्यापुढे, म्हणजे त्याच्या इंटरनेटच्या बाजूच्या पत्त्यापुढे, :8080 लिहिले, तर कॅमेऱ्याचे लॉगिन पान समोर आले. (तुमचा WAN पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो सेवादात्याने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि असा पोर्ट बाहेरून सहसा गाठता येत नाही.) मी UPnP बंद केले, ती नोंद पुसली आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. तरीही मामांना अंधेरीच्या ऑफिसातून चित्र दिसतेच, कारण आता कॅमेराच कंपनीच्या सर्व्हरशी आतून जोडणी करतो.

फायरवॉलची खरी मर्यादा इथेच आहे: आतून सुरू झालेल्या जोडणीला तो सहसा हरकत घेत नाही. ‘वीजबिल थकले आहे, आज रात्री पुरवठा तोडला जाईल’ अशा व्हॉट्सअ‍ॅप संदेशासोबतची एपीके फाइल मामींनी बसवली असती आणि तिला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली असती, तर त्यांच्याच फोनने 443 पोर्टवरून ओटीपी बाहेर पाठवले असते. त्याच पोर्टवरून बँकेचे संकेतस्थळही उघडते आणि मजकूर कूटबद्ध असल्यामुळे राउटरला दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय लोकलमध्ये फोन मोबाइल डेटावर असतो, तेव्हा घरचा राउटर वाटेत येतच नाही.

एकाच वायफायवरची उपकरणे आपापसांत बोलतात तेव्हाही हा फायरवॉल मध्ये पडत नाही, म्हणून मामांचा कॅमेरा मी राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, हलवला. त्यानंतर लॅपटॉपवरून कॅमेऱ्याचा स्थानिक पत्ता उघडून पाहिला. पान उघडले नाही, तेव्हा वेगळेपणा खरोखर लागू झाल्याची खात्री पटली. काही राउटरांत गेस्ट नेटवर्क नुसते नावापुरते असते, त्यामुळे ही तपासणी वगळू नये.